रिटेन्शन ग्राफ आणि संहितेची दुरुस्ती

व्हिडिओच्या प्रत्येक टप्प्यावर किती टक्के प्रेक्षक पाहत आहेत हे दाखवणारी रेषा म्हणजे रिटेन्शन ग्राफ. यूट्यूब स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्स विभागात ती मिळते. प्रकाशनानंतर एकदोन दिवसांनी आकडे भरले की मगच ती वाचावी. पहिल्या अर्ध्या मिनिटात रेषा पडतेच. पाहण्याजोगी ती त्यानंतरची घसरण.

उदाहरणादाखल बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडच्या लढाईवरचा दहा मिनिटांचा काल्पनिक व्हिडिओ घेऊ. 1591 साली येथे बुऱ्हाण निजामशहाने जमालखानाचा पराभव केला आणि जमालखान मारला गेला. समजा, ग्राफ 1:12 पर्यंत 62 टक्क्यांवर संथ आहे आणि 1:42 ला 48 वर येतो. रेषा पुढे पुन्हा वर चढली असती, तर लोकांनी तेवढा भाग ओलांडून पुढचा पाहिला असे म्हणता आले असते. इथे ती खालीच राहते, म्हणजे लोक निघून गेले.

नेमका सेकंद मात्र ग्राफ सांगत नाही. यूट्यूबच्या एपीआयमधून हा आलेख व्हिडिओचे शंभर भाग पाडून मिळतो, त्यामुळे दहा मिनिटांच्या व्हिडिओत एक बिंदू म्हणजे सहा सेकंद. शिवाय माणूस कंटाळतो आधी आणि बोट हलवतो नंतर. म्हणून 1:12 च्या आधीची दहा-पंधरा सेकंदे संहितेत शोधायची. तिथे हे वाक्य सापडते: ‘लढाईकडे वळण्यापूर्वी निजामशाहीची वंशावळ पाहू.’ पुढची तीस सेकंदे नुसती नावे. प्रेक्षक लढाईसाठी आलेला. ती लांबणीवर पडल्याचे लेखकानेच त्याला सांगून टाकले.

अशा वेळी नवशिके वंशावळच काढून टाकतात, आणि मग कोण कोणाशी का लढले हेच कळत नाही. वंशावळीतली गरजेची गोष्ट एकच आहे आणि तीच खरी रंगतदार: ‘अहमदनगरच्या गादीवर इस्माईल होता. त्याच्या नावाने कारभार जमालखान पाहत होता. आणि ती गादी घ्यायला इस्माईलचा बापच, बुऱ्हाण, चालून येत होता. पाठीशी खानदेशचा राजा अली खान.’ एवढे बोलायला पंधरा सेकंद पुरतात. यानंतर थेट रोहिणखेड. बाकीची नावे लागतील तिथेच यावीत.

कारण प्रत्येक वेळी शब्दांतच असते असे नाही. आवाज अचानक बसला, एकच चित्र फार वेळ राहिले किंवा ‘तर मित्रांनो, धन्यवाद’ असा सूर लागला, तरी रेषा पडते. म्हणून संहितेला हात लावण्यापूर्वी तो तुकडा एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून तपासावा. शे-दीडशे व्ह्यूंवरच्या ग्राफवरून मात्र काही ठरवू नये. दहाबारा जण निघून गेले तरी त्यात मोठी दरी दिसते.

प्रकाशित व्हिडिओच्या जागी नवी फाइल ठेवता येत नाही. यूट्यूबच्या एडिटरमध्ये नको तो भाग कापता येतो आणि दुवा व व्ह्यू तसेच राहतात. नव्याने लिहिलेली वाक्ये मात्र पुढच्या व्हिडिओतच वापरावी लागतात.