डोहाळ्यांची गाणी : थट्टा आणि आशीर्वाद

डोहाळजेवणाच्या गाण्यांत थट्टा आणि आशीर्वाद एकाच तोंडून निघतात. हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी लेवून गर्भवती झोपाळ्यावर बसते आणि भोवतीच्या बायका तिला विचारतात, 'काय खावेसे वाटते?' ती लाजते. मग गाणे तिच्या वतीने उत्तर देते. हा प्रश्न वरवर गमतीचा दिसतो. परंतु तो किती जुना आहे आणि त्यामागे केवढे भय उभे आहे, हे पाहिल्यावाचून या गाण्यांचा खरा अर्थ कळत नाही, असे आम्हांस वाटते.

'डोहाळा' हा शब्द संस्कृत 'दोहद' या शब्दावरून आला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात असे सांगितले आहे की, चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते. म्हणून त्या स्त्रीला दोन हृदये असतात आणि तिची इच्छा ही गर्भाचीच इच्छा होय. ती पुरविली नाही, तर मूल कुबडे, पांगळे किंवा खुजे निपजते. आजचे वैद्यक हे मानीत नाही. पण या समजुतीने घरात एक मोठे काम केले. एरवी ज्या सुनेला सासरी काही मागण्याची सोय नव्हती, तिला काही महिन्यांपुरता मागण्याचा हक्क मिळाला, आणि तो नाकारणाऱ्याच्या माथी वंशाच्या हानीचा दोष बसू लागला.

शास्त्रातला संस्कार होता तो सीमंतोन्नयनाचा. आश्वलायन गृह्यसूत्रात पती साळूच्या काट्याने पत्नीचा भांग काढतो आणि वीणा वाजविणाऱ्यांना गायला सांगतो. त्याच ठिकाणी सूत्रकार आणखी एक गोष्ट सांगतात: ज्यांचे पती व मुले हयात आहेत अशा वृद्ध स्त्रिया जे जे सांगतील, ते ते करावे. सूत्रकारांनी या प्रसंगी स्त्रियांचा अधिकार मान्य केला, तो असा. घराघरांतील डोहाळजेवण हे त्या अधिकाराचेच क्षेत्र होय, असे आम्ही समजतो.

या गाण्यांची एक नेहमीची घडण पाहावी. गाणे महिन्यामहिन्याने पुढे सरकते. पहिल्या-दुसऱ्या महिन्यात कुजबुज होते. तिसऱ्यात भाताचा वास नकोसा होतो आणि चिंच, आवळा, कैरी यांची आठवण येते. पुढे चेहरा फिका पडतो, चाल मंदावते. सातव्यात ओटी भरली जाते आणि नवव्यात माहेरची वाट दिसू लागते. वांत्या, आळस, जड पाऊल यांतले काहीही थट्टेतून सुटत नाही. मात्र याच ओघात एकेका नात्याचे नाव घेतले जाते. सासूने अमुक करावे, नणंदेने तमुक आणावे, दिराने झाडावरून कैरी उतरवावी, पतीने शालू घ्यावा. चारचौघींत नाव घेऊन सांगितलेली गोष्ट टाळणे अवघड असते. थट्टा सुनेची होते, पण काम सासरच्यांना लागते. आणि त्या कामालाच आशीर्वाद जोडलेला असतो.

डोहाळ्यांवरून मुलाचे भविष्य सांगण्याची रीतही जुनीच. श्रीधरांच्या 'रामविजय' या ग्रंथात (१७०३) दशरथ राण्यांना डोहाळे विचारतो, तेव्हा कैकेयीच्या डोहाळ्यात पुढील वनवास आधीच डोकावतो. कालिदासाच्या 'रघुवंशा'त सुदक्षिणा माती खाते, आणि कवी त्याचा अर्थ लावतो की, होणारा पुत्र पृथ्वीचा उपभोग घेणार आहे.

येथे मात्र कौतुकाला थोडा आवर घालावा लागतो. माती खावीशी वाटणे हे पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याचे लक्षण असते, हे आता ठाऊक झाले आहे. त्याबरोबर पापण्यांची आतली बाजू आणि नखे पांढुरकी दिसली, जिना चढताना धाप लागली, तर ते कौतुक नव्हे. रक्त तपासून घ्यावे. दुसरी उणीव अशी की, ही गाणी बहुधा पुत्राचाच आशीर्वाद देत आली. झाकलेल्या दोन वाट्यांपैकी पेढ्याची उचलली तर मुलगा, बर्फीची उचलली तर मुलगी, हा खेळ निरुपद्रवी होता, कारण त्यातून खरे काहीच कळत नव्हते. खरे कळू लागल्यावर काय घडले, ते गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राला १९८८ साली आणि देशाला १९९४ साली कायदा करावा लागला, यावरून दिसतेच. शिवाय विधवेला आणि मूल नसलेलीला ओटी भरण्याचा मान नव्हता. सूत्रातली 'पती व मुले हयात' ही अटच तिच्या आड आली.

आता अनेक घरी ही अट मोडली जाते आणि नव्या ओव्यांत मुलीचेही नाव येते. गाण्याचा मूळ प्रश्न मात्र तोच ठेवावा: तुला काय हवे? फक्त तो विचारणाऱ्यांनी उत्तर ऐकण्यासाठी थांबावे.