मद्यप्याचे पाय : दोष दारूचा की उपासाचा?

बोस्टन शहरातील जेम्स जॅक्सन या वैद्याने १८२२ साली एका विचित्र रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. रोगी बहुधा तीव्र मद्याचे जुने व्यसनी असत. आधी तळपायांत वेदना सुरू होत, मग त्या हळूहळू वर चढत आणि पुढे हातांतही उतरत. हातापायांची कातडी गुळगुळीत व चकाकती होई आणि शक्ती क्षीण होत जाई. हा रोग मद्यापासून होतो, असे जॅक्सनने निःशंकपणे लिहिले. लंडनमधील लेट्सम या वैद्याने अशा मद्यप्यांचे पाय १७८७ सालीच पाहिले होते. स्वीडनच्या मॅग्नस हुसने १८४९ मध्ये जुनाट मद्यपानावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यातही या हातापायांच्या तक्रारींना जागा मिळाली. दारू विष आहे आणि ते विष मज्जातंतूंना जाळते, ही समजूत पुढे सुमारे शंभर वर्षे अबाधित राहिली.

रोग पायांतच का सुरू व्हावा, हे आधी समजून घेतले पाहिजे. अंगठ्याच्या टोकाची जाणीव वाहून नेणारा तंतू कमरेच्या मणक्यापाशी असलेल्या एका सूक्ष्म पेशीची शाखा असतो. त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते. तंतूला लागणारे बहुतेक द्रव्य त्या पेशीतच तयार होते आणि तेथून टोकापर्यंत वाहून न्यावे लागते. लांबच लांब पाटाला पाणी कमी पडू लागले म्हणजे शेवटचे शेत आधी सुकते, तसेच येथे होते. प्रथम दोन्ही पायांची बोटे बधिर होतात, मग बधिरता मोज्याप्रमाणे वर चढते. ती गुडघ्यांच्या आसपास पोचते तेव्हा बोटांच्या टोकांनाही मुंग्या येऊ लागतात, कारण हाताचे तंतू लांबीने त्याच बेताचे असतात. दोन्ही पाय सारखेच धरले जाणे ही या रोगाची खूण आहे. एकाच पायाला मुंग्या येत असतील, तर कारण बहुधा दुसरीकडे शोधावे.

या शंभर वर्षांच्या समजुतीला धक्का बसला तो जावा बेटावरून. बटाव्हियामध्ये बेरीबेरीचा शोध करीत असता ख्रिस्तियान आइकमान यास १८९० च्या सुमारास आढळले की प्रयोगशाळेतील कोंबड्या लुळ्या पडत आहेत. त्यांना काही काळ लष्करी इस्पितळातील शिजवलेला पांढराशुभ्र सडीक भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात कोंबड्यांना देण्याचे नाकारले, साधा भात सुरू झाला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. भातात काही विष असून कोंडा त्यावर उतारा आहे, असे आइकमानला प्रथम वाटले. येथे विष नसून कोंड्यातील एखाद्या आवश्यक द्रव्याचा अभाव आहे, हा अर्थ १९०१ मध्ये त्याचा सहकारी ग्रिन्स याने लावला. त्याच बेटावर यानसेन व डोनाथ यांनी १९२६ साली ते द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात मिळविले. आज त्यास आपण थायमिन किंवा जीवनसत्त्व ब१ म्हणतो.

बेरीबेरीच्या रोग्याचे पाय आणि मद्यप्याचे पाय एकमेकांसारखे दिसतात, हे चाणाक्ष वैद्यांच्या ध्यानी येण्यास वेळ लागला नाही. मद्यपी मनुष्य खातो काय, हा प्रश्न आता पुढे आला. दारूपासून शरीरास उष्णता मिळते, भूक मरते आणि ताट बाजूला सारले जाते. अन्न घेतले तरी आतडे थायमिन नीट शोषून घेत नाही आणि दुखावलेले यकृत त्याचा साठा करू शकत नाही. मुळात प्रौढ माणसाच्या अंगी हा साठा सुमारे ३० मिलिग्रॅमच असतो. भरणा थांबला की तो दोन-तीन आठवड्यांत आटू लागतो. तेव्हा तंतूंना दारू जाळते की दारूमागून येणारी उपासमार, याचा निवाडा प्रयोगानेच होणे शक्य होते.

तो प्रयोग बोस्टनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये मॉरिस स्ट्रॉस याने केला आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. अशा दहा रोग्यांना त्याने इस्पितळात ठेवले, त्यांना सकस आहार व ब जीवनसत्त्वाचा भरपूर पुरवठा दिला आणि त्यांची व्हिस्की मात्र बंद केली नाही. दररोज सुमारे अर्ध्या लिटरपासून एक लिटरपर्यंत व्हिस्की पोटात जात असताही रोग्यांच्या पायांत सुधारणा झाली. आजच्या नीतीस हा प्रयोग मानवणार नाही; तथापि त्याचा युक्तिवाद फार प्रभावी ठरला. दारू निर्दोष सुटली, उपासमार दोषी ठरली, आणि पुढील कित्येक दशके पाठ्यपुस्तकांतून असेच शिकविले गेले.

परंतु या निवाड्यात एक फट राहून गेली होती. मार खाल्लेल्या उपाशी माणसाला जेवू घातले तर त्याची प्रकृती सुधारते, यावरून त्याला कोणी मारलेच नव्हते असे सिद्ध होत नाही. उपासमार हे एक कारण आहे एवढेच स्ट्रॉसने दाखविले. ते एकमेव कारण आहे हे त्याने दाखविले नव्हते. १९७७ मध्ये डेन्मार्कमधील बेझे व बुख्थाल यांनी जीवनसत्त्वांची उणीव नसलेल्या मद्यप्यांतही तंतूंचा ऱ्हास पाहिला. पुढे २००३ साली जपानमधील नागोया येथील कोइके व त्याच्या सहकाऱ्यांनी मद्यजन्य रोगाच्या ६४ जणांची, आणि दारूशी संबंध नसून केवळ थायमिनच्या अभावाने आजारी पडलेल्या ३२ जणांची तुलना केली. पोटरीतील संवेदनातंतूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा एकाच नावाखाली दोन रोग नांदत होते हे उघड झाले.

ज्यांच्या अंगी थायमिन पुरेसे होते अशा मद्यप्यांत विकार वर्षानुवर्षे सावकाश वाढे. त्यांची मुख्य तक्रार तळपायांची जळजळ व वेदना ही होती आणि आधी नाश पावत ते वेदना जाणणारे बारीक तंतू. थायमिनच्या अभावात मात्र रोग झपाट्याने वाढे, पायांतली ताकद आधी जाई आणि जाड तंतूंची हानी अधिक होई. दारू आणि उपासमार दोन्ही असणाऱ्यांत या लक्षणांचे मिश्रण आढळे. जॅक्सन आणि स्ट्रॉस या दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश होता, तो असा.

या भेदाचे व्यवहारातील फळ मोठे आहे. समजा, पन्नाशीच्या एका गृहस्थाचे वीस वर्षांचे रोजचे पिणे आहे. दोन वर्षांपासून रात्री त्याचे तळपाय जळतात, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. वैद्य अंगठ्यावर कंप पावणारा चिमटा टेकवितो, तर कंप नीट कळत नाही. घोट्याची प्रतिक्रिया उमटत नाही. या मंद गतीवरून आणि जळजळीवरून दारूच्या प्रत्यक्ष विषाकडे बोट जाते. याच गृहस्थाचे पाय तीन आठवड्यांत लुळे पडले असते, तर थायमिन सुईने तत्काळ टोचणे अगत्याचे होते. दोन्ही प्रसंगी मधुमेह आणि ब१२ ची उणीव यांची तपासणी आधी व्हावयास हवी, कारण त्यांचे पाय असेच दिसतात.

आता घरोघरी काय घडते? कोणी सांगतो, ‘जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, मुंग्या जातील’. गृहस्थ गोळ्या घेतो आणि पेलाही घेत राहतो. १९३५ च्या निवाड्याचा अर्धाच भाग त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. गोळीने उणीव भरून निघते, विष जात नाही. पेला सोडल्यावरही धीर धरावा लागतो. तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. एक मीटर अंतरासाठी हा हिशेब जवळजवळ तीन वर्षांचा होतो, आणि फार दिवस मेलेला भाग पुष्कळदा परत येतच नाही. जळजळ थांबली म्हणजे रोग बरा झाला, असेही समजू नये. वेदना जाणणारे तंतूच संपले असल्यानेही ती थांबते. मग खडा टोचला तरी कळत नाही, तापल्या फरशीचा चटका लागत नाही आणि फोडाची जखम चिघळेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. अशा माणसाने रोज रात्री आपले तळवे आरशात पाहावेत, कारण जे काम पूर्वी त्याचे तंतू करीत, ते आता त्याच्या डोळ्यांनाच करावे लागते.