स्क्रीनशॉटवरून महिन्याचा खर्च काढणे

पेमेंट अ‍ॅपमधल्या व्यवहारांच्या यादीचे स्क्रीनशॉट जुळवून महिन्याचा खर्च किराणा, औषधे, प्रवास अशा खात्यांत मांडण्याची घरगुती हिशेबपद्धत. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि पुढे भाजीवाल्याकडेही क्यूआर कोड आला, तशा वहीत टिपायच्या बारीकसारीक रकमा फोनमध्ये जमू लागल्या.

खरी कसोटी दोन स्क्रीनशॉटच्या सांध्यावर लागते. यादी सरकवताना आधीच्या पडद्याच्या शेवटच्या एक-दोन ओळी पुढच्या पडद्यावर पुन्हा येतात. त्या यायलाच हव्यात, कारण सांध्यावर एकही ओळ सामाईक नसेल तर मधला व्यवहार सुटला का हे कळत नाही. जुळणी झाल्यावर मात्र त्या एकदाच धरायच्या. नाव आणि रक्कम सारखी दिसली म्हणून सरसकट खोडणेही चुकीचे. खडकी बाजारात एकाच टपरीवर सकाळ-संध्याकाळ वीस-वीस रुपये दिले असतील, तर ते दोन खरे व्यवहार आहेत. शंका आली की व्यवहार उघडून त्याचा बारा आकडी यूपीआय क्रमांक पाहावा; क्रमांक वेगळे तर व्यवहार वेगळे.

खडकीतल्या एखाद्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. चार स्क्रीनशॉटमध्ये मिळून ३३ ओळी आहेत आणि सगळ्या रकमांची बेरीज २६,१९० रुपये. सांध्यावर दुबार आलेल्या चार ओळींचे ९४० रुपये गेले. दोन व्यवहार अयशस्वी होते, त्यांचे १,२५० वगळले. स्वतःच्याच दुसऱ्या बँक खात्यात टाकलेले ५,००० हा खर्च नव्हे. तीन ओळी आलेल्या पैशांच्या, ३,२०० रुपयांच्या. उरल्या २३ ओळी आणि १५,८०० रुपये. आलेल्या पैशांपैकी १,२०० मित्रांनी हॉटेलच्या बिलातला आपला वाटा म्हणून परत केले होते, ते ‘बाहेरचे खाणे’ या खात्यातून वजा करावे लागतात. खरा खर्च १४,६०० रुपये.

वर्गवारीत नाव फसवते. दुकानाच्या पाटीवरचे नाव वेगळे असते आणि यादीत पुष्कळदा मालकाचे नाव उमटते, त्यामुळे औषधवाला आणि दूधवाला ओळखणे घरच्यांनाच जमते. अशा नावांची एक यादी करून ठेवली की पुढच्या महिन्यात तीच कामी येते. किराणा दुकानदाराकडून रोख पैसे घेऊन त्याला यूपीआय केले असेल, तर ती रक्कम किराण्यात धरू नये.

पडताळणी बँकेच्या पासबुकाशी करतात. त्यात यूपीआय लाइटची छोटी देणी एकेक करून दिसत नाहीत; लाइटमध्ये भरलेली रक्कम तेवढी एका ओळीत येते. ती ओळ खर्चात धरली आणि लाइटमधली देणीही धरली, तर तेच पैसे दोनदा मोजले जातात.