अर्जाचा मायना : नम्रता कोठवर?

पेशवेकालीन दफ्तरातील पत्रे चाळताना प्रथम मायन्याकडे लक्ष जाते. बरोबरीच्या सरदारास ‘राजश्री … गोसावी यांसी’, तर वरिष्ठास ‘स्वामींचे सेवेसी’, आणि पुढे ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती’. शेवटही ठरलेला असे. वरिष्ठास लिहिताना ‘हे विज्ञापना’, कनिष्ठास ‘जाणिजे’. हा शब्दांचा फापटपसारा नव्हता. कोण कोणास लिहितो, आज्ञा करतो की मागणे मागतो, हे पहिल्या ओळीतच कळे. पुढे इंग्रजी अमलात अर्जांतून ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ आला आणि जुन्या ‘सेवेसी’शी त्याचे सहज जुळले.

आता अर्जदार व अधिकारी यांचे नाते मायना ठरवीत नाही, कायदा ठरवितो. तरीही जुनी सवय सुटलेली नाही. सीमाभागातील एका शेतकऱ्याचे निवेदन आमच्याकडे तपासावयास आले होते. रस्त्यासाठी जमीन गेली, मोबदल्याचा एक हप्ता थकला, एवढाच विषय. आरंभ मात्र असा : ‘परमपूज्य, सन्माननीय महोदयांच्या चरणी मी पामर अत्यंत नम्रपणे विनंती करतो की, मराठीत लिहिल्याबद्दल क्षमा असावी व शक्य झाल्यास कृपादृष्टीने विचार व्हावा.’ गट क्रमांक व थकलेली रक्कम पार दुसऱ्या पानावर!

यात दोन दोष आहेत. ‘शक्य झाल्यास’ म्हणताच देय रक्कम मेहेरबानी ठरते. आणि क्षमेची तर गरजच नाही. संविधानाचा अनुच्छेद ३५० तक्रारीच्या निवारणासाठी संघाच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क देतो. अर्थात उत्तर त्याच भाषेत मिळेल असे हा अनुच्छेद म्हणत नाही, आणि न्यायालयाच्या भाषेचे नियम वेगळे आहेत, हे विसरू नये.

आम्ही आरंभ असा केला : ‘महोदय, अनुच्छेद ३५० नुसार हे निवेदन मराठीत सादर करीत आहे. खालील गटातील जमिनीच्या मोबदल्याचा हप्ता थकीत असून तो अदा करण्यात यावा, ही मागणी.’ लगेच गट क्रमांक, निवाड्याची तारीख, रक्कम. ‘महोदय’ ठेवले, कारण सभ्यतेला तेवढे पुरते.

नम्रता सर्वत्र छाटावी, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. अपिलास झालेला उशीर माफ करून घ्यावयाचा असेल, तारीख वाढवून हवी असेल, तर निर्णय समोरच्याच्या विवेकाधीन असतो. तेथे ‘विनंती’ हाच अचूक शब्द; त्याच्या जागी ‘मागणी’ लिहिणे उद्धटपणाचे, शिवाय चुकीचेही. परंतु तेथेही एकच ‘विनंती’ पुरे. उशिराचे पुरेसे कारण सांगितले नसेल, तर दहा साष्टांग नमस्कारांनीही ती उणीव भरून निघत नाही.

म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी एवढेच विचारावे : जे मागतो आहोत ते आपले देणे आहे की समोरच्याची सवलत? देणे असेल तर ‘मागणी’, सवलत असेल तर ‘विनंती’.