सात स्त्रिया, एक साप: स्वप्नकोश का फसतात?

१/१०
‘स्वप्नात साप दिसला तर अमुक फळ’ अशा याद्या दोन हजार वर्षांपूर्वीही लोकप्रिय होत्या. मात्र त्या काळातील सर्वांत प्रसिद्ध स्वप्नग्रंथ नीट वाचला, तर अशी यादी अपुरी का पडते याचा पुरावा त्यातच सापडतो.

२/१०
इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरस नावाच्या ग्रीक स्वप्नज्ञाने ‘ओनिरोक्रिटिका’ हा पाच भागांचा ग्रंथ लिहिला. तो आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील इफेससचा रहिवासी. प्रतिष्ठित लोक ज्यांना हिणवत, त्या बाजारातील ज्योतिष्यांमध्ये तो वर्षानुवर्षे मिसळला. स्वप्न आणि त्यानंतर प्रत्यक्षात घडलेली घटना, अशा जोड्या त्याने गोळा केल्या.

३/१०
ग्रंथाचा मोठा भाग कोशासारखाच आहे: दात, झाडे, प्राणी, देवता आणि त्यांचे अर्थ. परंतु चौथ्या भागात तो एक विलक्षण उदाहरण देतो. सात गर्भवती स्त्रियांना एकच स्वप्न पडले: आपण सापाला जन्म दिला. सातही मुलांचे भवितव्य मात्र वेगवेगळे निघाले.

४/१०
श्रीमंत स्त्रीचा मुलगा वक्ता झाला. सापाची जीभ दुभंगलेली असते आणि शिक्षणाला पैसा लागतो. पुरोहिताच्या पत्नीचा मुलगा धर्मविधींचा प्रमुख झाला, भविष्यवेत्त्याच्या कन्येचा मुलगा भविष्यवेत्ता. कारण साप पवित्र मानला जाई. दासीचा मुलगा पळून गेला. साप सरळ वाटेने जात नाही. आजारी स्त्रीच्या मुलाला पक्षाघात झाला; साप सरपटतो. उरलेल्या दोघांपैकी एक दुराचारी निघाला आणि दुसऱ्या, दरोडेखोर झालेल्या मुलाचा शिरच्छेद झाला. सापालाही डोक्यावरच घाव घालतात.

५/१०
ही स्पष्टीकरणे घटना घडून गेल्यावर जुळवलेली आहेत, हे उघड आहे. भाकीत म्हणून त्यांना किंमत नाही. तरीही त्यांतून कोशाचा मूळ दोष दिसतो. सापाला जीभ आहे, वाकडी चाल आहे, पावित्र्य आहे, सरपटणे आहे. यांपैकी कोणता गुण निवडायचा, हे ‘साप’ हा शब्द सांगत नाही. ते स्वप्न पाहणाऱ्याच्या आयुष्यावरून ठरते. म्हणूनच अर्थ लावण्यापूर्वी व्यवसाय, जन्म, सांपत्तिक स्थिती, प्रकृती आणि वय विचारावे, असा आर्टेमिडोरसचा आग्रह होता.

६/१०
पण दुवा जोडण्याचे काम अजून स्वप्नज्ञाकडेच होते. सापावरून काय आठवते, हे त्या स्त्रियांना कोणी विचारले नाही. सिग्मंड फ्रॉइडने नेमका हाच फरक नोंदवला: आर्टेमिडोरसच्या पद्धतीत स्वप्नज्ञाला काय सुचते ते महत्त्वाचे, त्याच्या स्वतःच्या पद्धतीत, स्वप्न पाहणाऱ्याला काय सुचते ते. त्याचा ‘स्वप्नांचा अर्थ’ हा जर्मन ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरात बाहेर आला. मुखपृष्ठावर वर्ष मात्र १९०० छापले होते.

७/१०
त्यात फ्रॉइडने स्वतःचे एक छोटेसे स्वप्न उलगडले आहे. एका वनस्पतीवर आपण लिहिलेला प्रबंध समोर आहे, आपण त्यातील घडी घातलेले रंगीत चित्र उलटत आहोत, आणि प्रत्येक प्रतीत त्या वनस्पतीचा वाळवलेला नमुना आहे. कोश इथे ‘फूल म्हणजे प्रेम’ म्हणून थांबला असता.

८/१०
फ्रॉइडने प्रत्येक तुकडा सुटा घेतला आणि त्यावरून जे आठवले ते लिहिले. त्या दिवशी सकाळी दुकानाच्या काचेआड सायक्लेमेन फुलावरचे पुस्तक दिसले होते. ते पत्नीचे आवडते फूल. तो तिच्यासाठी फुले आणायला विसरत असे. ‘प्रबंध’ म्हणताच कोका वनस्पतीवरचा त्याचा १८८४ चा लेख आठवला. कोकेनने डोळा बधिर करता येतो, या शोधाचे श्रेय मात्र कार्ल कोलरला मिळाले. रंगीत चित्रांवरून पाच वर्षांचा फ्रॉइड आठवला: वडिलांनी गंमत म्हणून फाडायला दिलेले सचित्र पुस्तक तो बहिणीसोबत पान पान सुटे करत होता. पुढे त्याला पुस्तके जमवण्याचा नाद लागला. आदल्या संध्याकाळी एका मित्राशी बोलताना, तो आपल्या छंदांत फार गुंततो, हा आक्षेपही निघाला होता. त्याच्या मते स्वप्न या आक्षेपाला उत्तर देत होते: असा लेख लिहिणाऱ्याला एवढी मोकळीक असावी. हा अर्थ दुसऱ्या कोणाच्याही फुलाला लागू पडणार नाही.

९/१०
पुढे फ्रॉइडच मोहात पडला. विल्हेल्म श्टेकेल या सहकाऱ्याच्या प्रभावाने नंतरच्या आवृत्त्यांत प्रतीकांची यादी वाढत गेली आणि १९१४ मध्ये तिला स्वतंत्र प्रकरणविभाग मिळाला. प्रतीके केवळ साहाय्यक, निर्णायक वजन स्वप्न पाहणाऱ्याच्या बोलण्याला, असे त्याने बजावले होते. परंतु वाचकांनी इशारा सोडला आणि यादी उचलली.

१०/१०
व्यक्तिगत आठवणींनाही मर्यादा आहे. जागेपणी सुचलेली गोष्ट स्वप्नाचे कारणच होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. माणूस कोणत्याही शब्दावरून आपल्या चिंतेपर्यंत पोहोचू शकतो. पण निदान ती चिंता त्याची स्वतःची असते. कोशातून हाती लागते ती कोश रचणाऱ्याची कल्पना. आर्टेमिडोरसच्या सात स्त्रियांचे स्वतःचे शब्द आज उपलब्ध नाहीत, म्हणून त्यांच्या सापाचा त्यांच्यापुरता अर्थ काय होता, हे कोणताही कोश आता सांगू शकणार नाही.