चिमणीतल्या ऑक्सिजनवरून कसं कळतं, गॅस जाळताना किती हवा फुकट गरम होतेय?

कोळशाच्या किंवा लाकडाच्या भट्टीत काही बिनसलं की चिमणीच सांगते. काळा धूर निघतो आणि शेजारचे तक्रार करतात. नैसर्गिक वायूवर म्हणजे पाइपने येणाऱ्या पीएनजीवर चालणाऱ्या बॉयलरचं तसं नाही. हवा अगदी बेताची असो किंवा गरजेच्या दीडपट, चिमणीतून दिसत काहीच नाही. थंडीत फार तर पांढरी वाफ दिसते. गॅस नीट जळतोय की पैसे चिमणीवाटे उडतायत, हे डोळ्यांना कळत नाही.

म्हणून चिमणीत एक नळी घालून बाहेर जाणाऱ्या वायूतला उरलेला ऑक्सिजन मोजतात. यंत्रावर समजा ३ टक्के असा आकडा आला. बरेच जण इथेच अर्थ लावतात की हवा ३ टक्के जास्त आहे. पण तसं नसतं. चिमणीतला ३ टक्के ऑक्सिजन म्हणजे सुमारे १५ टक्के जादा हवा. आकडा पाचपट कसा झाला?

आधी हवेचा हिशोब

नैसर्गिक वायूत बहुतेक सगळा मिथेनच असतो, त्यामुळे हिशोब मिथेनवर करू. १ घनमीटर मिथेन पूर्ण जळायला २ घनमीटर ऑक्सिजन लागतो. पण आपण बर्नरला ऑक्सिजन देत नाही, हवा देतो, आणि हवेत ऑक्सिजन जेमतेम २१ टक्के असतो. म्हणजे २ घनमीटर ऑक्सिजनसाठी साधारण ९.५ घनमीटर हवा आत ओढावी लागते. त्यातला ७.५ घनमीटर नायट्रोजन काहीही काम न करता आत येतो, गरम होतो आणि बाहेर जातो.

हवा बरोबर गरजेइतकीच दिली आणि सगळा गॅस जळला, तर चिमणीत काय उरेल? १ घनमीटर कार्बन डायऑक्साइड, ७.५ घनमीटर नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. हातात धरायचं मोजणी यंत्र, म्हणजे फ्लू गॅस अ‍ॅनालायझर, नमुना थंड करून त्यातलं पाणी बाजूला काढतं. त्यामुळे त्याच्या दृष्टीने उरतात ८.५ घनमीटर कोरडे वायू, आणि ऑक्सिजन शून्य.

आता १० टक्के हवा जास्त द्या. ९.५ चे १० टक्के म्हणजे ०.९५ घनमीटर. त्यात ०.२ घनमीटर ऑक्सिजन आहे. तो जाळायला गॅसच उरलेला नाही, म्हणून तो तसाच बाहेर पडतो. चिमणीतले एकूण कोरडे वायू झाले ८.५ अधिक ०.९५, म्हणजे ९.४५. त्यात ०.२ ऑक्सिजन म्हणजे सुमारे २.१ टक्के. जादा हवा १० टक्के, पण यंत्रावर दिसले २.१. कारण जादा आलेल्या हवेचाही फक्त पाचवा हिस्सा ऑक्सिजन असतो.

हाच हिशोब उलटा फिरवला की सूत्र मिळतं:

```
जादा हवा (%) = 89.5 × O2 ÷ (20.9 − O2)
```

यात O2 म्हणजे कोरड्या वायूत मोजलेला ऑक्सिजन, टक्क्यांत. २०.९ म्हणजे कोरड्या हवेतला ऑक्सिजन. ८९.५ हा आकडा ८.५ आणि ९.५ यांच्या गुणोत्तरातून येतो, कारण जळताना हवेतला २ भाग ऑक्सिजन संपतो आणि त्या जागी १ भाग कार्बन डायऑक्साइड येतो, त्यामुळे कोरडा वायू आत घेतलेल्या हवेपेक्षा थोडा कमी भरतो.

अनेक ठिकाणी ८९.५ च्या जागी सरळ १०० घातलेलं सूत्र दिसेल. ते कोणत्याही इंधनाला चालणारं ढोबळ सूत्र आहे. ३ टक्के ऑक्सिजनला ते १५ ऐवजी जवळपास १७ टक्के देतं, तेवढा फरक खपून जातो. ८ टक्क्यांना मात्र ५५ ऐवजी ६२ देतं. गॅससाठी नेमकं सूत्र हाताशी असताना ढोबळ वापरायचं काही कारण नाही.

एका बॉयलरचं गणित

समजा, एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात छोटा बॉयलर आहे. तो तासाला ५० घनमीटर गॅस जाळतो. चिमणीचं तापमान २०० अंश सेल्सिअस, बाहेरच्या हवेचं ३० अंश. यंत्रावर ऑक्सिजन आला ८ टक्के.

सूत्रात घालू. ८९.५ गुणिले ८ म्हणजे ७१६. त्याला २०.९ वजा ८, म्हणजे १२.९ ने भागलं की आले ५५.५. बॉयलर गरजेपेक्षा ५५ टक्के जास्त हवा ओढतोय. ५० घनमीटर गॅसला ४७६ घनमीटर हवा पुरली असती, इथे तासाला सुमारे ७४० घनमीटर जातेय.

बर्नरच्या तंत्रज्ञाने हवेचं डँपर थोडं थोडं बंद करत ऑक्सिजन ३ टक्क्यांवर आणला, तर जादा हवा १५ टक्क्यांवर येईल आणि हवा ५४७ घनमीटर लागेल. फरक तासाला १९३ घनमीटरचा, वजनात साधारण २३५ किलो. इतकी हवा आतापर्यंत ३० अंशांवरून २०० अंशांपर्यंत तापवून आकाशात सोडली जात होती. तिला तापवायला लागणारी उष्णता आहे सुमारे ४० मेगाज्यूल, म्हणजे जवळपास १.२ घनमीटर गॅस. दर तासाला.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण बॉयलर रोज १६ तास, वर्षाचे ३०० दिवस चालत असेल तर हे ५,७६० घनमीटर होतात. गॅसचा दर हिशोबापुरता ५० रुपये घनमीटर धरला तर २ लाख ८८ हजार रुपये. आणि हे डँपर फिरवून, एक पैसाही नवीन यंत्रावर खर्च न करता. चिमणीचं तापमान जितकं जास्त, तितका हा तोटा वाढतो.

मग शून्यावरच का नाही आणायचं?

कारण कागदावर प्रत्येक मिथेनच्या कणाला त्याचा ऑक्सिजन भेटतो, भट्टीत भेटत नाही. गॅस आणि हवा कितीही घुसळली तरी कुठेतरी गॅस जास्त आणि हवा कमी असा कोपरा राहतोच. तिथे कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो विषारी आहे, त्याला रंग नाही, वास नाही. शिवाय तो स्वतःच न जळलेलं इंधन आहे, म्हणजे पैसेही गेले.

म्हणून ऑक्सिजन कधीही एकटा वाचायचा नसतो. शेजारी कार्बन मोनॉक्साइडचा आकडा हवाच. हवा कमी करत जाताना तो बराच वेळ जवळजवळ हलत नाही आणि मग एका जागेनंतर एकदम उसळी मारतो. समजा वरच्या बॉयलरमध्ये ऑक्सिजन ३ टक्के असताना तो २० पीपीएम होता आणि १.८ टक्क्यांवर ३०० झाला. तर तिथून मागे यायचं आणि थोडी जागा राखून, म्हणजे ३ च्या आसपास थांबायचं.

ही राखलेली जागा हवामानासाठीही लागते. साध्या बर्नरचा पंखा दर तासाला ठरावीक आकारमानाची हवा फेकतो, वजनाची नाही. गरम हवा विरळ असते. १५ अंशांच्या थंडीत जो पंखा पुरेशी हवा देतो, तोच ४० अंशांच्या दुपारी वजनाने सुमारे ८ टक्के कमी हवा देतो. डिसेंबरच्या पहाटे १५ टक्के जादा हवेवर बसवलेला बॉयलर मे महिन्याच्या दुपारी ६ टक्क्यांवर आलेला असतो, आणि यंत्रावर ऑक्सिजन १.३ टक्के दिसतो. वरच्या उदाहरणात तर १.८ लाच कार्बन मोनॉक्साइड वाढला होता. विदर्भातल्या हिवाळ्या-उन्हाळ्यातला फरक बघता तिथे वर्षातून एकदाच केलेलं ट्युनिंग पुरेल असं मला तरी वाटत नाही.

आकडा कधी फसवतो?

सगळ्यात धोकादायक फसवणूक गळतीची. भट्टीनंतरच्या भागात थोडा कमी दाब असेल आणि दाराचं गॅस्केट किंवा चिमणीचा जोड सैल असेल, तर बाहेरची हवा आत शिरते. ती आगीपर्यंत पोहोचतच नाही, पण यंत्राला तिच्यातला ऑक्सिजन दिसतो. आकडा ७ टक्के येतो, ऑपरेटर म्हणतो हवा फार आहे आणि बर्नरची हवा कमी करतो. प्रत्यक्षात ज्वाळेला आधीच हवा बेताची असते. हे ओळखायचं कसं? भट्टीच्या तोंडाजवळ एकदा मोजा आणि चिमणीत एकदा. वाटेत ऑक्सिजन वाढला असेल, तर ती वाढ बर्नरमधून आलेली नाही. गळती यंत्राच्या स्वतःच्या नळीतही असू शकते.

पुष्कळांना वाटतं, यंत्रावरच्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्याशी पडताळून पाहू. पण हातातली बहुतेक यंत्रं तो मोजतच नाहीत, ऑक्सिजनवरून गणित करून दाखवतात. एकाच साक्षीदाराला दोनदा विचारण्यासारखं आहे ते. त्यापेक्षा मोजायच्या आधी यंत्र मोकळ्या हवेत धरा. २०.९ दाखवत नसेल तर सेन्सर थकलाय.

शेवटची गोष्ट कोरड्या आणि ओल्या मोजणीची. मोठ्या बॉयलरवर चिमणीतच कायम बसवलेला झिर्कोनियाचा सेन्सर असतो. तो वाफेसकट गरम वायू मोजतो. वाफेमुळे एकूण आकारमान वाढतं आणि तेवढ्याच ऑक्सिजनची टक्केवारी कमी दिसते. अशा सेन्सरसाठी सूत्रात ८९.५ ऐवजी ११०.५ घ्यावं लागतं. त्याच्यावर ३ टक्के आले तर जादा हवा १५ नाही, साडेअठरा टक्के असते. त्यामुळे कंट्रोल रूमच्या पडद्यावरचा आकडा आणि तंत्रज्ञाच्या हातातल्या यंत्राचा आकडा जुळत नसेल, तर लगेच कुणाचं यंत्र बिघडलंय असं धरू नका. पडद्यावर ३ असताना हातात साधारण साडेतीन आले, तर दोघंही बरोबर आहेत.