दीर्घतम सामाईक उपक्रमिका

दीर्घतम सामाईक उपक्रमिका (संक्षेपाने एलसीएस) म्हणजे दोन क्रमिकांमध्ये त्याच क्रमाने आढळणाऱ्या घटकांची शक्य तितकी लांब माळ. हे घटक मूळ क्रमिकेत एकमेकांना लागून असण्याची गरज नसते. मध्ये इतर घटक आले तरी चालतात, मात्र त्यांचा मागेपुढे क्रम बदलता कामा नये. घटक म्हणून अक्षरे, शब्द, संपूर्ण ओळी किंवा डीएनएतील बेस यांपैकी काहीही घेता येते. एकाच लेखाच्या दोन आवृत्त्यांतील फरक दाखवणाऱ्या संगणकीय साधनांच्या मुळाशी बहुधा हीच संकल्पना असते. ही उपक्रमिका शोधण्याची रूढ रीत दोन टप्प्यांची आहे. प्रथम एक कोष्टक भरून तिची लांबी काढतात आणि मग त्याच कोष्टकात शेवटाकडून आरंभाकडे उलट चालत जाऊन प्रत्यक्ष उपक्रमिका मिळवतात. हा लेख मुख्यत्वे या दोन टप्प्यांविषयी आहे.

## उदाहरण

यवतमाळ जिल्ह्यातील लोहारा या गावाविषयीचे एक वाक्य संपादकाने बदलले, असे समजू.

जुने वाक्य (अ): लोहारा गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे
नवे वाक्य (ब): यवतमाळ जिल्ह्यात लोहारा गाव आहे

प्रत्येक शब्द हा एक घटक मानल्यास दोन्ही क्रमिका पाच-पाच घटकांच्या होतात. दोन्हींत तेच पाच शब्द आहेत, तरी एलसीएस पाचाची नाही, कारण क्रम बदललेला आहे. ‘लोहारा गाव’ हे शब्द जुन्या वाक्यात ‘यवतमाळ जिल्ह्यात’ या शब्दांच्या आधी येतात, तर नव्यात नंतर. दोन्ही जोड्या एकाच वेळी राखता येत नाहीत.

एवढे लहान उदाहरण नजरेनेही सुटते. लांब मजकुरात मात्र ‘पहिला शब्द घ्या, तो दुसरीकडे जिथे सापडेल तिथे जुळवा आणि पुढे सरका’ ही सोपी वाटणारी रीत फसते. दोन्ही वाक्यांत ‘लोहारा’नंतर ‘हे’ हा शब्द घातला, तर ‘लोहारा हे गाव आहे’ ही चार शब्दांची उपक्रमिका मिळते. पण नव्या वाक्याच्या पहिल्या शब्दापासून जुळवत गेल्यास ‘यवतमाळ’ आणि ‘जिल्ह्यात’ जुळतात, त्यानंतर जुन्या वाक्यात ‘आहे’ एवढेच उरते, आणि हाती तीनच शब्द लागतात. आरंभी केलेली निवड पुढे किती महाग पडेल हे त्या क्षणी कळत नाही. कोष्टकाची गरज भासते ती येथे.

## कोष्टक भरणे

जुन्या वाक्याचे शब्द उभे आणि नव्या वाक्याचे शब्द आडवे मांडतात. `L[i][j]` या चौकटीचा अर्थ असा: पहिल्या क्रमिकेचे आरंभीचे `i` घटक आणि दुसरीचे आरंभीचे `j` घटक एवढेच पाहिले, तर त्यांच्या एलसीएसची लांबी किती? शून्याची ओळ आणि शून्याचा स्तंभ यांत सर्वत्र शून्य लिहितात, कारण रिकाम्या क्रमिकेशी कशाचेच काही सामाईक नसते. बाकीच्या चौकटींसाठी नियम असा आहे:

```
A[i] == B[j] :  L[i][j] = L[i-1][j-1] + 1
A[i] != B[j] :  L[i][j] = max(L[i-1][j], L[i][j-1])
```

शब्द जुळले तर तिरप्या, म्हणजे वर-डावीकडील चौकटीत एक मिळवायचा. शब्द जुळले नाहीत तर त्या दोहोंपैकी किमान एकाचा तरी येथे उपयोग नाही. तो सोडून मिळणाऱ्या दोन उत्तरांपैकी, म्हणजे वरच्या आणि डाव्या चौकटींपैकी, मोठे उत्तर घ्यायचे. वरची, डावी आणि तिरपी या तिन्ही चौकटी आधीच भरलेल्या असतात, म्हणून ओळीमागून ओळ डावीकडून उजवीकडे भरत जाणे पुरते. वरील दोन वाक्यांचे भरलेले कोष्टक असे दिसते:

| | ∅ | यवतमाळ | जिल्ह्यात | लोहारा | गाव | आहे |
|---|---|---|---|---|---|---|
| ∅ | ० | ० | ० | ० | ० | ० |
| लोहारा | ० | ० | ० | १ | १ | १ |
| गाव | ० | ० | ० | १ | २ | २ |
| यवतमाळ | ० | १ | १ | १ | २ | २ |
| जिल्ह्यात | ० | १ | २ | २ | २ | २ |
| आहे | ० | १ | २ | २ | २ | ३ |

उजवीकडील सर्वांत खालचा ३ हा आकडा म्हणजे एलसीएसची लांबी. हाताने कोष्टक भरताना चूक झाली असल्यास ती ओळखण्याची एक खूण आहे. कोणत्याही ओळीत उजवीकडे जाताना आणि कोणत्याही स्तंभात खाली उतरताना आकडा कधी घटत नाही, आणि एका पावलात एकाहून अधिक वाढत नाही. हा नियम कोठे मोडलेला दिसला तर त्या चौकटीत किंवा तिच्या अगोदर चूक आहे हे नक्की. विद्यार्थ्यांकडून बहुधा होणारी चूक म्हणजे शब्द जुळल्यावर तिरप्या चौकटीऐवजी वरच्या किंवा डाव्या चौकटीत एक मिळवणे. त्यामुळे एकच शब्द दोनदा मोजला जातो.

## उलट चालून उपक्रमिका मिळवणे

लांबी तीन आहे हे कळले, तरी ते तीन शब्द कोणते हे शेवटचा आकडा सांगत नाही. त्यासाठी उजवीकडील सर्वांत खालच्या चौकटीपासून निघून, प्रत्येक आकडा कोठून आला असेल हे विचारत मागे जावे लागते.

```
i, j = m, n
out = []
while i > 0 and j > 0:
    if A[i-1] == B[j-1]:
        out.append(A[i-1])
        i -= 1
        j -= 1
    elif L[i-1][j] >= L[i][j-1]:
        i -= 1
    else:
        j -= 1
out.reverse()
```

(या भाषेत क्रमिकेतील घटकांची मोजणी शून्यापासून होते, म्हणून `A[i-1]` हा `i`वा शब्द होय.)

उदाहरणात आरंभ पाचव्या ओळीच्या पाचव्या स्तंभात होतो. तेथे दोन्हीकडे ‘आहे’ आहे. तो शब्द नोंदवून तिरपे वर गेल्यावर आपण चौथ्या ओळीच्या चौथ्या स्तंभात येतो. येथे ‘जिल्ह्यात’ आणि ‘गाव’ जुळत नाहीत, आणि वर व डावीकडे दोन्हींत २ हाच आकडा आहे. वाट दुभंगते ती या चौकटीत.

वरील आज्ञावलीत `>=` असल्यामुळे बरोबरी झाल्यास वरची वाट धरली जाते. तिसऱ्या ओळीत वर २ आणि डावीकडे १ असल्याने पुन्हा वर जावे लागते. मग ‘गाव’ जुळतो, तिरपे गेल्यावर ‘लोहारा’ जुळतो, आणि पुढच्या तिरप्या पावलाने शून्याची ओळ लागते. शब्द शेवटाकडून नोंदले गेले असल्याने यादी उलटी करावी लागते, आणि ‘लोहारा गाव आहे’ हे उत्तर मिळते. यादी उलटी करण्याचे विसरल्यास ‘आहे गाव लोहारा’ असे निघते, आणि चूक तत्काळ ध्यानात येते.

आता `>=` च्या जागी केवळ `>` लिहिले, तर त्याच दुभंगलेल्या चौकटीतून डावी वाट धरली जाते. डावीकडे सरकत दुसऱ्या स्तंभात येताच ‘जिल्ह्यात’ जुळतो, त्यानंतर ‘यवतमाळ’ जुळतो, आणि उत्तर येते ‘यवतमाळ जिल्ह्यात आहे’. दोन्ही उत्तरे तितकीच अचूक आहेत. कोष्टक तेच, लांबीही तीच, तरी एका चिन्हाने निकाल बदलतो.

फरक पाहणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नाही. पहिल्या वाटेने गेल्यास ‘लोहारा गाव’ जागचे हलले नाही आणि ‘यवतमाळ जिल्ह्यात’ हे शब्द एके ठिकाणी वगळून दुसरीकडे घातले, असे दिसते. दुसऱ्या वाटेने नेमके उलट दिसते. संपादकाने प्रत्यक्षात कोणते शब्द उचलले याची नोंद कोष्टकात नसते. म्हणून रंगवून दाखवलेला फरक हा संपादकाच्या कृतीचा पुरावा मानू नये. तो दोन मजकुरांची एक शक्य जुळणी आहे, एवढेच.

फरकाची यादी हवी असल्यास आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पहिल्या वाटेने शून्याच्या ओळीत पोचलो तेव्हा आपण दुसऱ्या स्तंभात होतो, म्हणजे नव्या वाक्यातील आरंभीचे ‘यवतमाळ जिल्ह्यात’ हे शब्द अजून उरलेले होते. उपक्रमिकेसाठी तेथे थांबणे योग्य आहे. फरकासाठी मात्र दोन्ही आकडे शून्य होईपर्यंत चालत राहावे लागते, अन्यथा मजकुराच्या आरंभीची भर किंवा वगळ निकालातून गळून पडते. शून्याच्या ओळीतील प्रत्येक डावे पाऊल ही भर, आणि शून्याच्या स्तंभातील प्रत्येक वरचे पाऊल ही वगळ.

## स्मृतीचा प्रश्न

`m` आणि `n` लांबीच्या क्रमिकांसाठी जवळपास `m × n` चौकटी भराव्या लागतात. परतीच्या वाटेला मात्र अधिकात अधिक `m + n` पावले पुरतात. पाच-पाच हजार शब्दांच्या दोन आवृत्त्या घेतल्या तर अडीच कोटी चौकटी होतात.

केवळ लांबी हवी असेल तर एका वेळी दोन ओळी जवळ ठेवणे पुरते, कारण नियमाला मागची एकच ओळ लागते. पण मग उलट चालायला कोष्टकच शिल्लक राहत नाही. ही अडचण डॅन हिर्शबर्ग यांनी १९७५ मध्ये सोडवली. पहिल्या क्रमिकेचे दोन भाग करून वरच्या भागाचे कोष्टक आरंभापासून आणि खालच्या भागाचे शेवटापासून उलट दिशेने भरायचे. मधल्या ओळीत दोन्हींची बेरीज जेथे सर्वाधिक येते तेथून एक इष्टतम वाट जाते. त्या बिंदूच्या दोन्ही अंगांना हीच कृती पुन्हा करायची. काम सुमारे दुप्पट होते, पण स्मृती क्रमिकेच्या लांबीइतकीच लागते. मजकुरांत फरक थोडे असतील तर युजीन मायर्स यांची १९८६ मधील रीत अधिक वेगवान ठरते, कारण ती कोष्टकाचा बहुतेक भाग पाहतच नाही. `git diff` मध्ये पूर्वनियोजित रीत म्हणून तीच वापरली जाते.

## देवनागरी मजकुरातील घटक

आतापर्यंत शब्द हा घटक मानला. त्याहून लहान घटक घ्यायचा झाल्यास मराठीत एक निराळा प्रश्न उभा राहतो. संगणक युनिकोड संकेतांक मोजतो, आणि त्यात मात्रा, वेलांट्या व हलन्त हे स्वतंत्र संकेतांक असतात. ‘जिल्ह्यात’ या शब्दात डोळ्यांना जि, ल्ह्या, त अशी तीन अक्षरे दिसतात, संकेतांक मात्र नऊ आहेत.

‘किती’ आणि ‘कीर्ती’ हे शब्द घेऊ. अक्षर हा घटक मानल्यास एकात कि, ती आणि दुसऱ्यात की, र्ती आहेत, म्हणून सामाईक काहीच नाही. संकेतांक हा घटक मानल्यास क, त आणि दीर्घ वेलांटी जुळून ‘कती’ अशी तीन घटकांची उपक्रमिका निघते. गणिताने ती अचूक आहे, पण ‘क’ हे अक्षर त्या रूपात दोन्ही शब्दांत नाही. वाचकाला दाखवायच्या फरकासाठी कोष्टक भरण्यापूर्वी मजकुराची अक्षरांत फोड करून घेणे इष्ट. शुद्धलेखनातील ऱ्हस्व-दीर्घाची चूक नेमकी दाखवायची असेल, तर मात्र संकेतांकच उपयोगी पडतात.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा ऱ हा ‘ऱ’ (`U+0931`) आणि हलन्त यांनी लिहिता येतो, किंवा साधा ‘र’ (`U+0930`), हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (`U+200D`) यांनीही. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच उमटतात, पण कोष्टक त्यांना भिन्न शब्द मानते आणि तेथे तिरपे पाऊल पडत नाही. युनिकोडचे प्रमाणीकरण (`NFC`) ‘र’ व नुक्ता मिळून झालेल्या रूपाचे ‘ऱ’मध्ये रूपांतर करते, मात्र जोडकाने लिहिलेल्या रूपाला हात लावत नाही. ते रूप तुलनेपूर्वी वेगळ्या नियमाने बदलून घ्यावे लागते. दोन आवृत्त्यांच्या फरकात एखादा शब्द वगळलेला आणि हुबेहूब तसाच शब्द त्याच जागी घातलेला दिसला, तर प्रथम हीच शक्यता तपासावी.